पतसंस्थेतले आपले शेअर्स आणि न दिसणारा चौथा हिस्सा



मागच्या महिन्यात आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा झाली. जेवणाच्या आधी एक निवृत्त गुरुजी उठले नि म्हणाले, "तीस वर्षं माझ्या पगारातून शेअर्स कापले. संस्था एवढी मोठी झाली, मग मला माझे पन्नास हजारच कसे परत?" सभागृहात टाळ्या पडल्या. सचिवांनी उत्तर दिलं, पण ते कलमांच्या भाषेत होतं. कुणाला काही कळलं नाही. गुरुजींचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून हे लिहितोय.

आपण सभासद होतो तेव्हा अर्ज, प्रवेश फी आणि किमान शेअर्सची रक्कम देतो. संचालक मंडळ ठराव करतं. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर कायद्याने तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पुढे प्रत्येक कर्जाच्या वेळी थोडी रक्कम शेअर्सला वळती होते आणि खातं फुगत जातं. इथेच गैरसमज सुरू होतो. आपल्याला ते बचत खात्यासारखं वाटतं, पण ते संस्थेचं भांडवल असतं. संस्था बुडाली तर हीच रक्कम आधी झिजते.

सभासदत्व सोडल्यावर शेअर्सची किंमत शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून ठरते. तोटा असेल तर ती कमी होऊ शकते. पण कितीही फायदा असला, तरी तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. वाढ मिळते ती फक्त दरवर्षीच्या लाभांशातून. मग उरलेला फायदा जातो कुठे?

आमच्या सभेत फळ्यावर लिहायला हवं होतं ते गणित इथे मांडतो (आकडे सोयीसाठी धरलेले आहेत). समजा शेअर भांडवल 60 लाख आणि निव्वळ नफा 8 लाख. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार नफ्याचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे 2 लाख, आधी राखीव निधीला जातो. उरले 6 लाख. 8 टक्के लाभांश दिला तर 4 लाख 80 हजार लागतात आणि बाकीचे इतर निधींना. सभेत काही जण 12 टक्के मागत होते. त्याला 7 लाख 20 हजार लागतील, म्हणजे राखीव निधीला हात लावल्याशिवाय ते जमणारच नाही. तो निधी कुणा एकाचा नसतो. सभासदांत वाटताही येत नाही, अगदी संस्था बंद झाली तरी. गुरुजींना खटकला तो हाच भाग. माझं मत विचाराल तर हे बरोबरच आहे, नाहीतर जो आधी निघेल तो जास्त घेऊन जाईल आणि नवीन शिक्षकाच्या वाट्याला थकबाकी येईल.

दुसरी अडचण वेळेची. एका आर्थिक वर्षात परत करायची एकूण रक्कम मागच्या 31 मार्चच्या वसूल भांडवलाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात ती 6 लाख. एकाच वर्षी मोठी तुकडी निवृत्त झाली आणि मागणी 8 लाखांची आली, तर काहींना पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागेल. शिवाय स्वतःचं कर्ज किंवा दुसऱ्याची जामीनकी बाकी असेल तर संस्था रक्कम अडवून धरते. जामीनकी आपण विसरलेलो असतो, संस्था विसरत नाही! म्हणून निवृत्तीच्या वर्षभर आधीच जामीन बदलून घ्या.

मात्र संचालकांनाही एक विचारायला हवं. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला 'राखीव निधी' लिहिलेला असतो. उजव्या बाजूला 'राखीव निधी गुंतवणूक' शोधा. दोन्ही आकडे जवळपास जुळत असतील तर पैसा खरंच बाजूला आहे. डावीकडे 20 लाख आणि उजवीकडे 3 लाख असतील, तर बाकीचा निधी कर्जवाटपात फिरतोय आणि अडचणीच्या दिवशी हाती लागणार नाही. तसंच नफ्यात न मिळालेलं, फक्त येणं दाखवलेलं व्याज किती आहे तेही पाहा. तो नफा कागदावरचा, पण त्यावरचा लाभांश मात्र रोखीत जातो.

आमच्या सभेत हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही. अहवाल आदल्या दिवशी मिळाला होता आणि मी तो थेट लाभांशाच्या पानावरच उघडला होता.