पंपावरील दाबमापक : नुसता गेज पुरे नव्हे

दौंड तालुक्यात भीमाकाठी व शिरूर तालुक्यात घोडकाठी नदीचे पाणी पंपाने उपसून दूरच्या शेतावर चढविले जाते. अशा पंपावर दाबमापक, म्हणजे गेज, बसविण्याचा विषय निघाला की, "मोटारीला अँपिअर मीटर आहे, मग गेज कशाला?" असे विचारले जाते. मीटर मोटार किती विजेचा प्रवाह घेते एवढेच सांगतो. पंप पाण्याला किती दाब देतो हे गेजच सांगतो. मात्र नुसता गेज जोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

प्रथम गेजचा पल्ला ठरवावा. समजा, पंपापासून पाइपाचे तोंड ३० मीटर उंच आहे आणि पाइपातील घर्षणामुळे आणखी ६ मीटरचा भार पडतो. एकूण ३६ मीटर झाले. १० मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. म्हणजे येथे दाब ३.६ किलो येईल. नेहमीचा दाब तबकडीच्या मध्याजवळ यावा, म्हणून ० ते ७ किलोचा गेज घ्यावा. ० ते ४ चा घेतल्यास व्हॉल्व बंद असताना काटा पल्ल्याबाहेर जाईल. ० ते १६ चा घेतल्यास लहान फरक डोळ्यांना दिसणार नाही.

गेजची जागा पंप व डिलिव्हरीचा व्हॉल्व यांच्या मध्ये असावी. पाइपाच्या बाजूस भोक घ्यावे. खालून घेतल्यास गाळ शिरतो, वरून घेतल्यास हवा साठते. पाइपाला आधी कॉक, मग स्नबर व शेवटी गेज, असा क्रम ठेवावा. स्नबर पाण्याचे धक्के शोषून काटा स्थिर ठेवतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्याने त्याचे बारीक छिद्र बुजते. तेव्हा पंप सुरू केल्यावरही काटा जागचा हलत नाही. कॉक आधी असल्यास तो बंद करून, पंप चालू असतानाच स्नबर काढून धुता येतो. गेज आवळताना पाना त्याच्या चौकोनी बुडाला लावावा. तबकडी धरून पिळू नये.

कॉक एरवी बंद ठेवावा व वाचनापुरताच हळू उघडावा. पंप थांबताना उलटणाऱ्या पाण्याचा ठोका मग गेजला लागत नाही. खर्च वाचविण्यासाठी कॉक गाळणारा गेजच गमावून बसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पंप नवा असताना व्हॉल्व उघडा ठेवून एकदा व क्षणभर बंद करून एकदा असे दोन्ही दाब पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पुढे बंद व्हॉल्वचा दाब उतरला, तर पंखा झिजला किंवा पंप हवा ओढतो असे समजावे. तो कायम राहून उघड्या व्हॉल्वचा दाब उतरला, तर पाइप फुटला आहे काय हे पाहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पंप पाहण्यास जाताना प्रथम हे दोन आकडे विचारावेत.