पेन्सिलीची रेघ आणि उणे तीस

दहावीच्या प्री-बोर्डचे स्कॅन केलेले पेपर यंदा शाळेने घरी पाठवले आणि मयूर विहारातल्या सोसायट्यांच्या फाटकांत, भाजीच्या गाड्यांपाशी मला गाठून आया-बाबा एकच प्रश्न विचारू लागले: ‘मॅडम, नंबर का कापले?’ त्यातल्या एका आईने तो नीट लिहून विचारला. मी दिलेलं उत्तर त्यांच्या परवानगीने, नावगाव काढून, या आठवड्याच्या सदरात देते आहे.

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबत लाल वर्तुळं करून पाठवलेली पानं मिळाली. तुमच्या मते लेकीचे साडेपाच गुण अन्यायाने गेले आणि त्याला स्कॅनिंग जबाबदार आहे. मी शाळेतून मूळ उत्तरपत्रिका काढून घेतली आणि स्कॅनच्या शेजारी ठेवून पाहिली. साडेपाचांतला एक गुण खरोखरच स्कॅनने खाल्ला होता. तो परत मिळाला आहे. उरलेल्या साडेचारांची गोष्ट वेगळी आहे.

आधी त्या एका गुणाचं सांगते. प्रश्न दाढीच्या आरशाचा होता: चेहरा अंतर्गोल आरशाच्या अगदी जवळ, म्हणजे ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये असताना प्रतिमा कशी मिळते, ते किरणाकृती काढून दाखवा. गुण दोन. लेकीची आकृती बिनचूक आहे. आरशावर आदळून परतणारे किरण एकमेकांपासून लांब जातात, म्हणून ते ठसठशीत रेघेने दाखवायचे. तेच किरण आरशामागे वाढवले की जिथे मिळतात तिथे प्रतिमा दिसते. पण तिथे खरा प्रकाश पोचत नाही, म्हणून ती वाढवलेली रेघ तुटक काढायची. सलग रेघ म्हणजे खरा किरण आणि तुटक रेघ म्हणजे आभासी, हा या आकृतीचा कणा. शिवाय प्रत्येक किरणावर दिशेचा बाण हवा. बाण नसेल तर तो किरण नाही, नुसती रेघ.

लेकीने हे सगळं काढलं होतं, पण टू-एच पेन्सिलीने. ती शिसं कठीण असलेली पेन्सिल, कागदावर फिकी उमटते. त्यात पेन्सिलीच्या रेघेला चमक असते, त्यामुळे स्कॅनरचा दिवा पडला की ती आणखी उजळ दिसते. आणि फाईल लहान राहावी म्हणून पेपर नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले होते. त्यात करडा रंग नसतोच. यंत्र प्रत्येक ठिपक्याला विचारतं, तू ठरलेल्या मर्यादेपेक्षा गडद आहेस का? असशील तर काळा, नाहीतर पांढरा. फिक्या रेघेतले काही ठिपके या चाळणीतून जातात, काही गळतात. म्हणजे सलग काढलेली रेघ पडद्यावर तुटक दिसते. माझ्या सहकाऱ्यांना परावर्तित किरण आभासी दिसले आणि इवलेसे बाण दिसलेच नाहीत. दोन्हींचा अर्धा-अर्धा गुण गेला. समोर दिसलं त्याप्रमाणे त्यांनी बरोबरच तपासलं होतं.

मग दोष स्कॅनचा आहे, हे कशावरून ओळखायचं? त्याच पानावरची बाकीची पेन्सिल पाहायची. लेकीच्या पानावर मुख्य अक्षही तुटका दिसतो आणि आरशाची कडही जागोजागी फाटलेली आहे. मुख्य अक्ष मुद्दाम तुटक काढायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. बॉलपेनने लिहिलेली अक्षरं मात्र ठळक आहेत. सगळी पेन्सिल फिकी आणि सगळी शाई गडद, असं असेल तर मूळ कागद मागावा. रेघ काळीभोर आणि तिच्यावर बाण नाही, असं असेल तर बाण काढलेलाच नव्हता, आणि स्कॅनशी भांडण्यात अर्थ नाही. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या वर्तुळातला, भिंगाच्या आकृतीतला बाण असा दुसऱ्या जातीचा आहे. त्याचे गुण सुदैवाने कापले गेलेच नव्हते.

आता दीड गुणाच्या गणिताकडे येते. पत्रात तुमचा खरा राग याच गणितावर आहे. अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर १५ सेंमी, वस्तू आरशासमोर १० सेंमीवर. प्रतिमा कुठे, केवढी आणि कशी? तुम्ही लिहिता, ‘उत्तरसूचीत ३० आणि ३ आहे, हिच्या पेपरातही ३० आणि ३ आहे, तरी तीनपैकी दीडच का?’

सूत्र तिने बरोबर लिहिलं: 1/v + 1/u = 1/f. त्याचा अर्धा गुण मिळाला. पुढे चिन्हांचा संकेत येतो. अंतरं आरशाच्या ध्रुवापासून मोजायची. प्रकाश ज्या दिशेने येतो त्या दिशेची धन, उलट दिशेची ऋण. वस्तू आणि अंतर्गोल आरशाची नाभी दोन्ही आरशासमोर असतात, म्हणून u = −10 आणि f = −15. तिने दोन्ही धन घेतले आणि मांडलं असं:

1/v = 1/15 − 1/10 = −1/30

म्हणजे v = −30. आकडा तीसच, पण चिन्ह उलटं. खरं उत्तर +30 आहे, म्हणजे आरशामागे तीस सेंमी. गंमत अशी, की किंमती भरताना विसरलेला संकेत तिला इथे आठवला! उणे म्हणजे आरशासमोर, समोर म्हणजे खरी प्रतिमा, आणि खरी म्हणजे उलटी. तिने लिहिलं, ‘प्रतिमा आरशासमोर ३० सेंमीवर, खरी व उलटी.’ मग विशालनाचं सूत्र m = −v/u, तेही बरोबर. त्यात v उणे तीस आणि u अधिक दहा भरले की येतं +3. दोन चुकीची चिन्हं एकमेकांना खाऊन उत्तरसूचीतला आकडा जसाच्या तसा हजर झाला. सूत्राचा अर्धा आणि किंमतीचा अर्धा, दोन्ही परीक्षकांनी दिले. किंमती चिन्हांसह भरणं, v आणि प्रतिमेचं स्वरूप, या तिन्हींचे अर्धे-अर्धे गुण गेले. ते योग्यच गेले, असं माझं मत आहे.

कारण +3 मधला अधिक सांगतो की प्रतिमा सुलटी आहे, आणि त्याच्याच वर ती ‘उलटी’ लिहिते. ही विसंगती तिच्याच कागदावर आहे, ती पाहायला उत्तरसूची लागत नाही. त्याहून मला लागलं ते असं, की दोनच पानं मागे याच मुलीने दाढीच्या आरशाच्या आकृतीत आरशामागे, सुलटी, मोठी प्रतिमा काढून ठेवली आहे. दहा हे पंधरापेक्षा कमी, म्हणजे वस्तू नाभीच्या आत. म्हणजे गणित त्याच आरशाचं होतं! तिला आरसा येतो, पण गणित करताना ती आरशाकडे पाहत नाही. आकडे भरण्याआधी कोपऱ्यात एक कच्ची आकृती काढली असती, तर उणे तीस बघून ती थबकली असती. माझ्या वर्गात हुशार मुलंच इथे जास्त फसतात. हात भराभर चालतो आणि ओळखीचा आकडा आला की पान उलटतं.

उरले तीन गुण. इथे तुमच्याइतकीच मीही हळहळले. सीबीएसईने २०२६ च्या परीक्षेपासून दहावीच्या विज्ञानाच्या पेपराचे तीन विभाग केले आहेत: अ जीवशास्त्र, ब रसायनशास्त्र, क भौतिकशास्त्र. उत्तरपत्रिकेचेही तसेच तीन भाग करायचे आणि ज्या विभागाचं उत्तर त्याच विभागात लिहायचं. दुसऱ्या विभागात लिहिलेलं उत्तर तपासलं जाणार नाही आणि निकालानंतरच्या पडताळणीतही ही चूक धरली जाणार नाही, असं बोर्डाने स्वच्छ लिहिलं आहे. लेकीने प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रश्न सोडला, पुढे भौतिकशास्त्र संपवलं, वेळ उरला तेव्हा तो आठवला, आणि तिने तो शेवटच्या पानावर लिहिला. प्रश्नक्रमांकही घातला. समीकरण संतुलित आहे, पाण्याचा दीड रेणूही जागेवर आहे. मी तपासला असता तर तीनपैकी तीन दिले असते.

पण आमच्याकडे स्कॅन केलेल्या पेपराचे विभागवार तुकडे होऊन तीन शिक्षकांकडे जातात. रसायनवाल्या सरांच्या पडद्यावर तो प्रश्न कोरा होता. भौतिकशास्त्राच्या पडद्यावर ते उत्तर आलं, पण तिथे त्याला चौकटच नव्हती. नियम कठोर आहे, असं मी स्टाफरूममध्ये बोलले आणि इथेही लिहिते. सोळाव्या वर्षी घाईत चुकलेलं पान म्हणजे चुकलेलं रसायनशास्त्र नव्हे. तरीही शाळेने शून्य कायम ठेवलं त्याला मी हरकत घेतली नाही, कारण बोर्डात तिला शून्यच मिळेल आणि ते आता कळलेलं बरं. उपाय साधा आहे: प्रश्न सोडायचा असेल तर त्याच विभागात पाऊण पान कोरं सोडायचं.

तुम्ही मुंबई विद्यापीठाची आठवण काढलीत. तुमच्या भाच्याचा २०१७ चा निकाल लटकला होता, म्हणून भीती स्वाभाविक आहे. तिथे पडद्यावरची तपासणी पुरेशा तयारीशिवाय एकदम सगळ्या शाखांना लावली गेली. निकाल महिनोन् महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर कुलगुरू संजय देशमुख यांना राज्यपालांनी पदावरून दूर केलं. पण ते दुखणं व्यवस्थेचं होतं. त्यावरून कुणाचं उणे तीस अधिक तीस होत नाही. पडद्यावर तपासण्याचा एक फायदा मात्र मान्य करा: बेरीज यंत्र करतं. जुन्या पद्धतीत आतल्या पानावरचे गुण वरच्या पानावर चढवायचे राहून जात. सीबीएसईने २०२६ मध्ये बारावीसाठी ही पद्धत आणली तेव्हा बेरजेच्या चुका टळतील, हे एक कारण दिलं होतं. दहावीचे पेपर त्या वर्षी कागदावरच ठेवले.

बोर्डाच्या निकालानंतर शंका आली तर आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे, आणि २०२५ पासून सीबीएसईतही आधी प्रत, मग पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन असा क्रम आहे. प्रत हातात आली की आज मी केलं तसंच करा: गुणदानाची सूची शेजारी ठेवून पायरीपायरीने अर्धे गुण मोजा. अर्ज त्यानंतर करा, कारण पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात.

लेकीचे साडेएकसष्ट होते, ते आता साडेबासष्ट झाले आहेत. शनिवारी पीटीएमला तिलाही घेऊन या. मूळ पेपर टेबलावर असेल, आणि तिच्याकडून तेच गणित मी वस्तू वीस सेंमीवर ठेवून करून घेणार आहे. तेव्हा प्रतिमा खरी, उलटी आणि आरशासमोर साठ सेंमीवर यायला हवी. येताना फेज एकच्या बाजारातून एचबी पेन्सिल घ्या. टू-एच घरीच राहू दे.

आपली,
विज्ञानाच्या मॅडम