फराळाची जागा

दिवाळीचा फराळ समोर आला की वजन उतरवू पाहणाऱ्या ज्येष्ठांची द्विधा अवस्था होते. खावे तर महिन्यांची मेहनत वाया जाण्याची भीती, न खावे तर सणाचा विरस. वास्तविक लाडू हा अपराधी नसतो. तो कोणत्या वेळी व कशाच्या जोडीला खाल्ला जातो, यावर सारे अवलंबून असते.

सत्तरीच्या एका आजींचे उदाहरण घेऊ. त्यांच्या रोजच्या आहारात सुमारे १,३०० उष्मांक असतात. एक बेसनाचा लाडू, एक करंजी, दोन चकल्या आणि वाटीभर चिवडा एवढ्या फराळाचे साधारण ६५० उष्मांक होतात. म्हणजे दिवसाचा निम्मा आहार. आजी सकाळी पोहे खातात, अकराला हा फराळ घेतात, दुपारी नेहमीचे जेवतात आणि संध्याकाळी शेजारी पुन्हा बशी हाती येते. फराळ जेवणाच्या जागी न येता जेवणावर चढतो. चूक होते ती इथेच.

त्याऐवजी फराळ हीच न्याहारी करावी. एक गोड व एक तिखट पदार्थ, म्हणजे एक लाडू आणि दोन चकल्या, सोबत वाटीभर मुगाची उसळ किंवा दही घ्यावे. प्रथिनांमुळे पोट दुपारपर्यंत भरलेले राहते आणि हात पुन्हा डब्याकडे जात नाही. दुपारी वरण, भाजी, कोशिंबीर व पोळी नेहमीप्रमाणे असावी. शेजारच्या बशीतून एकच पदार्थ उचलावा, तोही जो वर्षातून एकदाच मिळतो: अनारसा घ्यावा, बाजारी शेव सोडावी.

दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो वर दिसला तरी घाबरू नये. एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० जादा उष्मांक लागतात. एवढे एका दिवसात कोणी खात नाही. ही वाढ बहुतांशी मिठाने व पिठूळ-गोड पदार्थांमुळे शरीरात थांबलेल्या पाण्याची असते. नेहमीचा आहार सुरू झाल्यावर ती सहसा आठवडाभरात ओसरते, म्हणून वजन भाऊबीजेनंतर आठ दिवसांनीच पाहावे.

प्रायश्चित्त म्हणून उपवास मात्र करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. तसेच उतारवयात वारंवारच्या उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

घरच्यांनी एक फरक ओळखावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली वा आडवे झाल्यावर धाप लागली, तर तो फराळाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.