विश्लेषण : वजन तेवढेच, स्नायू मात्र कमी? कर्करुग्णाच्या सीटी स्कॅनमधून हे कसे कळते?

कर्करुग्णाचे वजन प्रत्येक तपासणीत नोंदवले जाते. मात्र चरबी, पाणी आणि स्नायू यांतला फरक वजनकाट्याला कळत नाही. पोटात पाणी साठले किंवा चरबी वाढली, तर स्नायू झिजत असतानाही वजन स्थिर दिसते. ही झीज मोजण्यासाठी दरवेळी वेगळी तपासणी लागत नाही. आजाराचा विस्तार पाहण्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झालेला असेल, तर त्यातील एकच प्रतिमा पुरते.

कमरेचा तिसरा मणकाच का?

या मणक्याच्या पातळीवरील आडव्या छेदात पाठीचे, मणक्यालगतचे आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू एकत्र दिसतात. या स्नायूंचे क्षेत्रफळ जास्त असेल, तर संपूर्ण शरीराचे चरबीरहित वजनही जास्त असते, असे कॅनडातील संशोधकांनी २००८ मध्ये कर्करुग्णांच्या स्कॅनवरून दाखवले. त्यामुळे हा एक छेद साऱ्या शरीराचा अंदाज देतो.

मोजणी कशी होते?

सीटी प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो. त्याचे एकक हाउन्सफील्ड. या मापात पाणी शून्यावर, तर हवा उणे १००० वर असते. उणे २९ ते अधिक १५० या टप्प्यातील बिंदू स्नायू म्हणून निवडले जातात. पण आतडी आणि मूत्रपिंडही याच टप्प्यात येतात. त्यामुळे संगणकाने रंगवलेला भाग जाणकाराने डोळ्यांनी तपासून हे अवयव वगळावे लागतात. उरलेल्या क्षेत्रफळाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की स्नायू निर्देशांक मिळतो.

किती म्हणजे कमी?

येथेच खरी अडचण आहे. २००८ मधील एका अभ्यासाने लठ्ठ कर्करुग्णांसाठी पुरुषांत ५२.४ आणि स्त्रियांत ३८.५ या मर्यादा दिल्या. २०१३ मध्ये सुमारे दीड हजार रुग्णांच्या अभ्यासातून दुसरी मर्यादा आली : बीएमआय २५ पेक्षा कमी असलेल्या पुरुषांत ४३, त्याहून जास्त असल्यास ५३ आणि सर्व स्त्रियांत ४१. हे दोन्ही अभ्यास कॅनडातील रुग्णांवरचे. तितक्याच बीएमआयच्या युरोपीय व्यक्तीपेक्षा भारतीयांमध्ये सरासरी चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावल्यास येथील अनेकांवर ‘कमी स्नायू’ हा शिक्का बसू शकतो.

एका उदाहरणातून काय दिसते?

समजा, १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुष रुग्णाचे वजन ७८ किलो आणि स्नायूंचे क्षेत्रफळ १३९ चौरस सेंटिमीटर आहे. बीएमआय २७ आणि निर्देशांक ४८.१. मर्यादा ५३, म्हणजे स्नायू कमी. काही महिन्यांच्या उपचारांनंतर वजन ७० किलो आणि क्षेत्रफळ १३० झाले. आता निर्देशांक ४५, पण बीएमआय २४.२ झाल्याने मर्यादाही ४३ वर उतरली. स्नायू सहा टक्क्यांहून अधिक घटले, तरी कागदावर रुग्ण ‘कमी’मधून ‘पुरेसे’ या गटात गेला! म्हणून एका मर्यादेपेक्षा त्याच रुग्णाच्या दोन स्कॅनमधील बदल अधिक बोलका ठरतो.

मोजणी कुठे चुकते?

काहींच्या कमरेत पाचऐवजी सहा मणके दिसतात आणि मोजताना पातळी चुकते. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे स्नायूंची घनता वाढलेली दिसते. स्थूल रुग्णाच्या पोटाची कड कधी चौकटीबाहेर राहते आणि स्नायूही कापले जातात. म्हणून तुलनेसाठी दोन्ही स्कॅन एकाच पातळीवरचे आणि शक्यतो एकाच पद्धतीने काढलेले हवेत. शिवाय क्षेत्रफळावरून ताकद कळत नाही. त्यासाठी हाताच्या पकडीची किंवा चालण्याच्या वेगाची चाचणी घ्यावी लागते.

उपचारांत याचा उपयोग काय?

केमोथेरपीच्या अनेक औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते. सारख्याच मात्रेत कमी स्नायू असलेल्यांना दुष्परिणाम अधिक झाल्याचे काही औषधांबाबत आढळले आहे. तरीही केवळ या निर्देशांकावरून मात्रा बदलणे अद्याप नेहमीच्या उपचारपद्धतीचा भाग नाही. त्याचा उपयोग आहाराकडे आणि व्यायामाकडे वेळेत लक्ष वळवण्यासाठी होतो. युरोपीय आहारतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस दररोज किलोमागे एक ग्रॅमहून अधिक, शक्य असल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनांची आहे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास हे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. केवळ स्नायू मोजण्यासाठी मात्र नवा सीटी स्कॅन काढून किरणोत्सर्ग घेण्याचे कारण नाही. आधीच्या स्कॅनची सीडी जपून ठेवली, तर पुढच्या स्कॅनशी तुलना करता येते.