उंदीर पुलापलीकडे सोडावा काय?

म्हापशात उंदराचा पिंजरा नसलेले घर विरळाच. शुक्रवारच्या बाजारात तो मिळतो, आत सुक्या खोबऱ्याचा नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा अडकवला की एकदोन रात्रींत उंदीर सापडतो. खरा प्रश्न पुढे उभा राहतो. मारायचे तर हात धजत नाही, आणि चतुर्थीला ज्याच्या वाहनाची पूजा केली त्याला बुडवायचे कसे? मग कोणीतरी स्कूटरवरून पिंजरा नेतो, कोलवाळचा पूल ओलांडतो आणि धारगळच्या बाजूला दार उघडून मोकळ्या मनाने परततो. ही दया उंदराला पोहोचते का, एवढेच येथे पाहायचे आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. आपल्या कौलांत, माळ्यावर आणि माडांवर फिरतो तो काळा उंदीर. त्याचे नित्याचे फिरणे साधारण शंभर मीटरच्या आतबाहेर असते. तेवढ्या जागेतील प्रत्येक वाट, बीळ आणि खाण्याचा ठिकाणा त्याला अंधारातही पाठ असतो. म्हणून पुढच्या गल्लीत किंवा मागच्या गटारावर सोडलेला उंदीर परत येऊ शकतो, आणि तो आला की आपण म्हणतो, ‘बघा, दुसरा आला!’ आधी सोडलेल्याच्या पाठीवर पिंजऱ्याच्या तारांतून काडीने रंगाचा ठिपका लावून पाहिले तर तोच की दुसरा हे कळेल. मात्र बोट आत घालू नये. पुलापलीकडून, मध्ये शापोरा नदी असताना, तो परतण्याची शक्यता फारच थोडी.

पण परतत नाही म्हणजे तो तिकडे सुखाने नांदतो असे नव्हे. रात्रभर पिंजऱ्यात धडपडून त्याचे नाक तारांवर घासून सोललेले असते, आणि पाणी ठेवण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. अशा स्थितीत दिवसाउजेडी त्याला उघड्यावर सोडतात. त्याला बीळ ठाऊक नाही, आडोसा ठाऊक नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकणारा प्राणी आहे, त्यामुळे समोर खाणे असले तरी तो लगेच तोंड लावत नाही. घार, मांजर, धामण आणि रात्री घुबड त्याची वाट पाहत असतात. जेथे आडोसा आणि खाणे दोन्ही आहे, तेथे आधीच उंदीर राहतात, आणि ते परक्याला चावून हाकलतात. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन कॅल्हून यांनी वस्ती करून राहिलेल्या उंदरांत बाहेरचे उंदीर सोडून पाहिले. त्यांचा लेख १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाहुणे सामावले गेले नाहीत; मारामाऱ्या, पळापळ आणि मरण हेच वाढले. ते उंदीर तपकिरी जातीचे होते, आपला काळा. पण परक्याला थारा न देण्याची रीत दोघांचीही आहे.

मादी सापडली तर गोष्ट अधिक दुःखाची. तिचे गर्भारपण तीन आठवड्यांचे, आणि एका वेळी सहा-सात पिल्ले होतात, उघडी नि आंधळी. त्यांना तीनेक आठवडे तरी दूध लागते. आई धारगळला आणि पिल्ले म्हापशाच्या माळ्यावर! चार दिवसांनी वरून वास येऊ लागतो तेव्हा आपल्या दयेचा हिशेब समजतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, म्हणून नावेची बाजूही तपासतो. सोडलेला उंदीर जगला तर पेडण्याच्या कोणा शेतकऱ्याच्या भाताच्या कणग्यांवर जगणार. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरू शकतात, आणि पावसाळ्यात चिखलात अनवाण्या पायांनी उभा राहणारा तोच शेतकरी असतो. आपली अडचण त्याच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इकडे घरात काय होते? एक उंदीर गेला की त्याची जागा मोकळी होते. खाणे आणि वाट तशीच राहिली तर शेजारचा उंदीर काही आठवड्यांत ती घेतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पिंजऱ्याआधी भोके बुजवावीत. अंगठ्याएवढे भोक उंदराला पुरते. नुसता बोळा कोंबला तर तो कुरतडतो. बारीक लोखंडी जाळी बसवून वर सिमेंट लावावे. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी छाटावी, तांदूळ पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, उष्टे रात्री उघडे टाकू नये. तरीही आत राहिलेल्याला मारणे भाग पडले तर एका फटक्यात मान मोडणारा चाप बरा. बुडवण्यापेक्षा किंवा चिकट फळीवर तासन्‌तास तडफडत ठेवण्यापेक्षा त्यात यातना खूपच कमी. मारवतच नसेल त्याने भोके बुजवण्याचे काम अधिक कसून करावे. ते पुलापर्यंतच्या फेरीहून स्वस्तही पडते.

एक मात्र सांभाळावे. पिंजऱ्यात पुष्कळदा चिचुंद्री सापडते. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, उग्र वास. ती झुरळे खाते आणि उंदरांच्या जातीची नव्हेच. तिला तेथेच परसात सोडावे.

भोके बुजवल्यावर उंदीर खरोखर गेला की नाही हे पाहण्यास भिंतीच्या कडेने चिमूटभर पीठ पसरून निजावे. सलग चारपाच सकाळी पीठ जसेच्या तसे दिसले, तर समजावे की तेथून वहिवाट बंद झाली.