बाहेर पडल्याची तारीख सांगता, परतल्याची का नाही?

गेल्या महिन्यात जालन्यातल्या एका सभागृहात गुंतवणुकीवरचे व्याख्यान ऐकले. समोर बसलेले निवृत्त शिक्षक, रोलिंग मिलमधले फोरमन आणि मोसंबीच्या बहाराचे पैसे बँकेत पडून असलेले शेतकरी. वक्त्यांनी पडद्यावर निफ्टीचा आलेख दाखवला, त्यावर सरासरीची एक गुळगुळीत रेषा ओढली आणि सांगितले, "भाव रेषेच्या वर, तर आत राहा. भाव रेषेच्या खाली, तर बाहेर. २०२० साली लोक बुडत होते तेव्हा आम्ही फेब्रुवारीतच बाहेर होतो. ज्याने हा नियम पाळला त्याला तोटा माहीत नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी वहीत "तोटा नाही" असे लिहून घेतले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघांमुळे मी हा लेख लिहितो आहे.

आधी त्यांचा पक्ष मांडतो. नियम सोपा आहे, हे खरे. निफ्टीचे गेल्या दहा महिन्यांचे महिनाअखेरचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची, दहाने भागायचे. आजचा बंद भाव त्या सरासरीच्या वर असेल तर पैसे इंडेक्स फंडात, खाली असेल तर लिक्विड फंडात. पुढच्या महिन्यात सगळ्यात जुना भाव खोडायचा, नवा लिहायचा. कोणी यासाठी दोनशे दिवसांची सरासरी घेतात. गोष्ट जवळपास तीच. भाकीत नाही, बातम्या नाहीत, भावना नाहीत. सहावीतल्या मुलालाही हे गणित जमेल.

आता २०२० पाहू. फेब्रुवारी २०२० अखेर निफ्टी ११,२०२ वर बंद झाला. दहा महिन्यांची सरासरी होती ११,६५९. म्हणजे नियमाने बाहेर काढले, हे वक्त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. २३ मार्चला निफ्टी ७,६१० पर्यंत कोसळला तेव्हा नियम पाळणारा सुखरूप होता. पण परत कधी आला? मार्च, एप्रिल, मे, जून, चारही महिने भाव सरासरीच्या खालीच होता. जुलैअखेर भाव ११,०७३ आणि सरासरी १०,८६८ झाली, तेव्हा नियमाने आत बोलावले. ११,२०२ ला विकले, ११,०७३ ला घेतले. ज्याने शंभर युनिट विकले त्याला परत घेताना एकशे एक युनिट मिळाले. एवढ्या मोठ्या पडझडीतून हाती लागला एक युनिट. तळापासून जुलैअखेरपर्यंत बाजार पंचेचाळीस टक्के वर आला, ती सगळी चढण त्याने बाहेर उभे राहून पाहिली.

वक्त्यांनी बाहेर पडल्याची तारीख सांगितली. परतल्याची सांगितली नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि त्यावर थोडा जास्त वेळ घेणार आहे.

मी तीस वर्षे एका मिलच्या हिशेब विभागात काढली. आमच्याकडे भंगार आणि बिलेटचा साठा सरासरी दराने वहीत धरायचा की चालू दराने, यावर दर मार्चला भांडण व्हायचे. सरासरीच्या बाजूचे म्हणायचे, सरासरी शांत असते. मी म्हणायचो, शांत असते कारण ती जुनी असते. सळईचा दर पडला तरी वहीतला साठा महिनोन् महिने महाग दिसत राहायचा आणि मालकाला नफा झाल्यासारखे वाटायचे. ते भांडण आजही माझ्या डोक्यात आहे, कारण शेअर बाजारातल्या रेषेचे दुखणे तेच आहे.

दहा महिन्यांच्या सरासरीतल्या भावांचे सरासरी वय साडेचार महिने असते. फेब्रुवारीत आपण ज्या रेषेकडे पाहतो ती खरे तर मागच्या ऑक्टोबरच्या मध्यावरचा भाव सांगत असते. म्हणून घसरण वर्षभर चालली तर रेषेला जागे व्हायला वेळ मिळतो. पण बाजार दोन महिन्यांत पडून चार महिन्यांत उठला, तर रेषा जातानाही उशिरा सांगते आणि येतानाही.

आणि बाजार रेषेच्या आसपास वरखाली होत राहिला तर काय होते? त्याचे उत्तर याच निफ्टीत आहे, आणि तेही २०२० च्या अगदी उंबरठ्यावर. वही काढून माझ्याबरोबर बसा.

ऑक्टोबर २०१८ अखेर भाव १०,३८७, सरासरी १०,८१८. बाहेर. नोव्हेंबरअखेर भाव १०,८७७, सरासरी १०,८०३. आत. एका महिन्यात स्वस्तात विकून महागात घेतले. शंभर युनिटचे साडेपंच्याण्णव झाले. जानेवारी २०१९ अखेर भाव १०,८३१, सरासरी १०,९११. पुन्हा बाहेर. मार्चअखेर भाव थेट ११,६२४ वर, सरासरी ११,००५. पुन्हा आत. युनिट उरले एकोणनव्वद. जुलै २०१९ अखेर भाव ११,११८, सरासरी ११,१९५. तिसऱ्यांदा बाहेर. मग २० सप्टेंबरला कंपनीकर कपातीची घोषणा झाली आणि निफ्टी एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त उसळला. महिनाअखेरीस ११,४७४ ला परत आत. युनिट शहाऐंशी.

बारा महिन्यांत तीन वेळा बाहेर, तीन वेळा आत, आणि तीनही वेळा महागात परत. त्यानंतर आला २०२०, ज्याचे गुणगान त्या सभागृहात झाले. त्याने शहाऐंशीचे सत्त्याऐंशी केले. ऑक्टोबर २०१८ पासून जो काहीही न करता बसून राहिला त्याचे शंभर युनिट शंभरच होते, आणि मार्च २०२० चा कहर सोसूनही जुलैअखेर त्याची रक्कम साडेसहा टक्क्यांनी वाढलेली होती. नियम पाळणारा बाहेर असताना लिक्विड फंडात दहा महिन्यांचे व्याज मिळवतो, ते जमा धरा. तरीही तेरा युनिटांचा खड्डा भरत नाही.

ही माहिती कोणी लपवलेली नाही. महिनाअखेरचे भाव कोणालाही मिळतात, बेरीज कोणालाही येते. मग व्यासपीठावरून सांगताना एवढीच वर्षे का गळतात? त्या वर्षांत मी स्वतः माझ्या निम्म्या पैशांवर हा नियम चालवत होतो. तिसऱ्यांदा विकण्याचा अर्ज भरताना माझा हात थांबला होता. मी तरीही भरला, आणि सप्टेंबरात महागात घेतले. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे. "तोटा माहीत नाही" हे वाक्य मला म्हणूनच सहन झाले नाही.

बाकीचे आक्षेप थोडक्यात.

कर: चौदा लाखांच्या जुन्या गुंतवणुकीत चार लाख नफा असेल आणि ती आज विकली, तर सव्वा लाखाची सूट वजा जाऊन पावणेतीन लाखांवर साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३५,७५० रुपये. एकूण रकमेच्या अडीच टक्के. हा कर कधीतरी भरावाच लागला असता, हे मान्य. पण तो आधी भरला की पुढची वाढ तेवढ्या कमी भांडवलावर होते. शिवाय परत घेतलेले युनिट वर्षाच्या आत नफ्यात विकावे लागले तर दर वीस टक्के.

दुसरे, दहाच महिने का? आठ किंवा बारा घेऊन पाहा. एकाच आकड्यावर निकाल चांगला येत असेल तर तो नशिबाचा आकडा आहे.

तिसरे, हा नियम एकेका कंपनीच्या शेअरवर लावू नये. एका वाईट बातमीने शेअर सकाळी उघडतानाच वीस टक्के खाली असतो. रेषा बघायला वेळच मिळत नाही.

मग मी या नियमाच्या विरोधात आहे का? नाही. मी त्याच्या खोट्या जाहिरातीच्या विरोधात आहे.

२००८ पाहा. मार्चअखेर निफ्टी ४,७३४, सरासरी ५,१२३. बाहेर. त्यानंतर बाजार मधूनमधून सावरत, पण एकूण खचतच गेला आणि नोव्हेंबरअखेर २,७५५ वर आला. एप्रिल २००९ अखेर भाव ३,४७४, सरासरी ३,३३५. आत. शंभर युनिटचे एकशे छत्तीस झाले. डिसेंबर २००७ अखेर ६,१३९ वर असलेला भाव पाहिलेल्या माणसाचे निम्म्याहून जास्त जाणार होते. नियमामुळे तेवीस टक्क्यांवर थांबले. अशा लांब, संथ घसरणीसाठीच हा नियम आहे. त्यातही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल २००८ अखेर भाव ५,१६६ होता आणि सरासरी ५,२०८. भाव आणखी अवघे पन्नास अंक वर असता तर नियमाने आत ओढले असते आणि पुढच्याच महिन्यात ४,८७० ला बाहेर फेकले असते.

म्हणून माझे म्हणणे असे. हा नियम विमा आहे. त्याचा हप्ता २०१८-१९ सारख्या वर्षांत जातो, भरपाई २००८ सारख्या वर्षात मिळते, आणि २०२० सारख्या वर्षात फक्त रात्रीची झोप मिळते. ज्याला तीन-चार वर्षांत मुलीच्या शिक्षणाला किंवा घराला पैसे लागणार आहेत, किंवा जो अर्धी रक्कम गेल्यावर तळाला विकणारच आहे, त्याला हा विमा परवडतो. ज्याला वीस वर्षे हात लावायचा नाही त्याने हप्ता कशाला भरावा?

पाळायचा असेल तर महिन्यातून एकदाच, महिनाअखेरीस, वहीत लिहून, इंडेक्स फंडावर आणि फार तर निम्म्या पैशांवर पाळा. आणि परत येण्याचा इशारा आला की या. तेच सगळ्यांत अवघड आहे. जुलै २०२० मध्ये कोरोनाचे रुग्ण वाढत होते. एप्रिल २००९ मध्ये निवडणुकीचा निकाल लागायचा होता. दोन्ही वेळा परत यायला मन तयार नव्हते. १८ मे २००९ रोजी निकालानंतर निफ्टी एका दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त चढला. एप्रिलअखेरचा इशारा ज्याने टाळला, त्याचा विमाही गेला आणि भरपाईही.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी बाहेर गाठले आणि हे आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, मग मी काय लिहू?" मी त्यांची वही घेतली, "तोटा नाही" खोडले आणि तिथे लिहिले: "ऑक्टोबर २०१८ ते जुलै २०२०, शंभरचे सत्त्याऐंशी."