रडणाऱ्या बाळाचे मोजे आधी काढा

साडेचार महिन्यांची एक मुलगी थंडीच्या दिवसांत संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आली. आदल्या रात्रीपासून रडत होती. दूध घ्यायला तोंड लावायची, दोन घोट घ्यायची आणि पुन्हा किंचाळायची. ताप नव्हता. थोडी सर्दी होती, म्हणून दोन दिवस आंघोळ घातली नव्हती. घरी ओव्याचा शेक झाला होता, बेंबीवर हिंग लावून झालं होतं. मी कान पाहिले, घसा पाहिला, पोट चाचपलं. सगळं ठीक होतं. ‘गॅस असेल,’ म्हणालो, थेंब लिहून दिले आणि पाठवून दिलं. तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते. ते मी काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी पुन्हा आली. सर्दी कमी झाली म्हणून आजी तिला तेल लावायला बसली होती. मोजा काढला तर उजव्या पायाची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं करंगळीकडचं, जांभळट आणि द्राक्षासारखी फुगलेली. आजीला वाटलं, किडा चावला. मी भिंग घेऊन पाहिलं तेव्हा दोन्ही बोटांच्या मुळाशी एक बारीक खाच होती आणि त्या खाचेत आईचा केस होता.

एक केस बोटाभोवती घट्ट बसून त्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतो, हे ऐकायला अतिशयोक्त वाटतं. पण हे डॉक्टरांना चांगलं परिचित असलेलं दुखणं आहे. केस ओला असताना ताणला जातो आणि वाळताना आखडतो. बाळ पाय सतत हलवत असतं, त्यामुळे मोज्यात अडकलेला केस बोटाभोवती एक, दोन, कधी चार-पाच वेढे घेतो. मग तो वाळतो आणि आवळतो. आधी बोटातून परत जाणारं पाणी आणि अशुद्ध रक्त अडतं, कारण त्या वाहिन्यांच्या भिंती मऊ असतात. म्हणून बोट सुजतं. बोट सुजलं की तोच वेढा आणखी घट्ट होतो आणि शेवटी आत येणारं शुद्ध रक्तही थांबतं. केस मात्र तुटत नाही. तो कातडीत रुततो आणि सुजलेली कातडी दोन्ही बाजूंनी त्याच्यावर येते, त्यामुळे शोधणाऱ्यालाही तो दिसत नाही. जास्त दिवस गेले तर वरून नवी कातडी धरते आणि केस आत हाडापर्यंत पोहोचू शकतो. क्वचित बोटाचं टोक गमवावं लागतं.

आता हे नेमकं याच वयात का होतं, ते पाहा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे बाईचे केस एरवीसारखे गळत नाहीत. बाळंतपणानंतर ते संरक्षण जातं आणि थांबलेले केस एकदम सुटू लागतात. साधारण दोन ते चार महिन्यांनी ही गळती जोरात असते. उशीवर, दुपट्यावर, झबल्याच्या आत, मोज्याच्या विणीत केस सापडतात. वॉशिंग मशीनमध्ये आईचे आणि बाळाचे कपडे एकत्र धुतले की हे केस मोज्याच्या आतल्या बाजूला गुंततात आणि बाहेरून कळतही नाही. हाताच्या बोटांचं थोडं वेगळं असतं. तिथे बहुतेक वेळा केस नसून हातमोज्याच्या आतल्या शिवणीचा सुटलेला दोरा असतो आणि बाळही अगदी लहान, काही आठवड्यांचं असतं.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. ज्याला आम्ही कॉलिक म्हणतो, ते संध्याकाळचं समजूत न पटणारं रडणं, ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं थांबतं. म्हणजे कॉलिक संपतं त्याच सुमारास आईचे केस गळत असतात. एरवी शांत असलेलं चार महिन्यांचं बाळ एका रात्री अचानक किंचाळू लागलं तर ‘पोटात दुखतंय’ हे उत्तर मुळात जुळत नाही. तरीही आजी तेच म्हणते, शेजारीण तेच म्हणते आणि दमलेला डॉक्टरही तेच म्हणतो. मी तेच केलं. माझं म्हणणं आहे की रडणाऱ्या तान्ह्या बाळाला पूर्ण उघडं करून वीस बोटं पाहिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने गॅसचे थेंब लिहू नयेत, फोनवर तर नाहीच. आणि डॉक्टर मोजे काढत नसतील तर आईने स्वतः काढून समोर धरावेत.

पाहायचं कसं, ते सांगतो. खोलीतला दिवा पुरत नाही, मोबाइलचा टॉर्च लावा. मोजे, हातमोजे, लंगोट, डायपर सगळं काढा. पायाची बोटं एकेक करून अलग करा आणि बोटाखालची घडीही उघडून पाहा, कारण केस बरेचदा तिथेच लपलेला असतो. पायाची मधली बोटं विशेष पाहा. शेजारची दोन बोटं एकदम सापडण्याचीही शक्यता असते. मग दुसऱ्या पायाच्या त्याच बोटाशी तुलना करा. खूण अशी की सूज एका रेषेपाशी एकदम सुरू होते. रेषेच्या पुढे बोट फुगलेलं, लाल किंवा जांभळं आणि रेषेच्या मागे अगदी नेहमीसारखं. किडा चावला असेल किंवा पू होत असेल तर अशी सरळ रेष दिसत नाही, सूज हळूहळू विरत जाते, बरेचदा पावलाकडे पसरते. सावळ्या बाळात लाली पटकन कळत नाही, तेव्हा रंगापेक्षा खाचेवर आणि फुगण्यावर भर द्या. बोटाचं टोक हलकेच दाबून सोडलं की ते फिकट होतं आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. तसं होत नसेल तर वाट पाहू नका. मुलांच्या शिस्नाभोवती आणि मुलींच्या योनीमार्गाच्या ओठांभोवतीही केस अडकू शकतो, म्हणून डायपरच्या आतही तसंच नीट पाहावं.

केसाचं टोक मोकळं दिसत असेल आणि सूज अगदी थोडी असेल तर घरी हलकेच उलगडून पाहायला हरकत नाही. बाकी कोणत्याही परिस्थितीत ब्लेड, सुई, टोकदार कात्री यांना हात लावू नका. सुजलेल्या बोटात केस कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, हे आम्हाला भिंगातूनही अवघड जातं. केस काढायची क्रीम रुग्णालयात कधी वापरतात, हे खरं आहे. ती केस विरघळवते आणि साधारण दहा मिनिटांत काम होतं. पण ती सुती किंवा नायलॉनच्या दोऱ्यावर चालत नाही आणि कातडी फाटली असेल तर लावता येत नाही. घरी बसून ‘केस असेल की दोरा’ असा अंदाज बांधत क्रीम लावण्यात मोलाचा वेळ जातो. सरळ रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

त्या मुलीच्या बोटांच्या मुळाशी मी भूल दिली. करंगळीजवळच्या बोटावरचा केस बोथट आकडीने उचलून कापला आणि तो दोन वेढ्यांसकट निघाला. पाच मिनिटांत बोटाचा रंग परतला. मधल्या बोटावरचाही एक तुकडा निघाला. मला वाटलं, सुटलं. पण रंग बदलेना. खाच तशीच होती. इथे फसायला होतं, कारण एक वेढा हाती लागला की आपण समाधानी होतो आणि खाली दुसरा तसाच असतो. मी तिला शल्यचिकित्सकाकडे पाठवलं. त्यांनी बोटाच्या वरच्या बाजूला, लांबीच्या दिशेने छोटा छेद घेऊन उरलेला केस कापला. छेद वरच का, तर बोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही कडांनी जातात, मधोमध वर त्या नसतात. खालच्या स्नायुबंधाला लागलं तरी उभा छेद भरून येतो, आडवा घेतला तर तो तुटतो. तासाभरात बोट गुलाबी झालं. आता तिथे एक बारीक पांढरी रेष आहे, बाकी काही नाही. आणखी एक दिवस गेला असता तर मी हे लिहू शकलो असतो की नाही, माहीत नाही.

मोज्यांबद्दल माझं मत घरोघरी पटत नाही, हे मला ठाऊक आहे. बाळाला थंडी लागू नये, ही काळजी रास्तच आहे. पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षातले बरेच महिने मोज्यांची गरज नसते आणि तरी बारशापासून बाळाचे हातपाय बंद असतात. हातमोजे तर नखांनी ओरखडे निघू नयेत म्हणून घालतात. त्यापेक्षा बाळ झोपलं की नखं कापावीत. थंडीत मोजे घालायचेच असतील तर ते उलटे करून पाहावेत, आतले दोरे कापावेत आणि आईच्या कपड्यांपासून वेगळे, शक्यतो उलटे करूनच धुवावेत. रोजचं तेल-आंघोळ हा या बाबतीत फार चांगला पहारा आहे. आजीने तेल लावताना प्रत्येक बोट ओढायची जी सवय लावून घेतलेली असते, तिच्यामुळेच ती मुलगी सापडली. ज्या दोन दिवशी आंघोळ नव्हती, तेव्हाच हे घडलं.

दवाखान्यात त्या सकाळी आजी सुनेला म्हणाली, ‘केस मोकळे सोडून घेत असशील.’ ती मुलगी काही बोलली नाही, नुसती रडायला लागली. तिचा अंबाडा घट्ट बांधलेला होता. मी आजींना सांगितलं, ‘अहो आजी, बांधलेले केसही गळतात. बाळंतपण झालंय तिचं. आणि चूक कोणाची म्हणाल तर काल मी मोजे काढायला हवे होते.’ त्यानंतर आजींनी आवाज खाली केला आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांना मी दुसऱ्या दिवशीही बोलावलं होतं. केस निघाला तरी चोवीस तासांनी बोट पुन्हा पाहावं लागतं, सूज उतरल्यावर राहून गेलेला वेढा तेव्हा दिसतो. आई आली ती मुलीचे पाय उघडे ठेवूनच, आणि मोजे पिशवीत घालून. ते मी मागून घेतले आणि उलटे केले. डाव्या मोज्यात, टाचेपाशी, आणखी दोन केस होते.